लेपाखालच्या रेघा

मामांचं शेत मार्कंडेय नदीच्या काठाला आहे. भात कापून झाल्यावर त्यांनी ट्रॅक्टरला पलटी लावून रान नांगरलं, तेव्हा नांगराच्या एका तासातून हे खापर वर आलं. तळहातात मावेल एवढं, एका बाजूला भांड्याचा काठ शाबूत, बाहेरून तांबूस, आतून काळंभोर. माती बोटानं बाजूला केली तशा तांबूस अंगावर फिकट पिवळसर आडव्यातिडव्या रेघा दिसल्या. नदीकाठच्या आमच्या रानांत खापरं निघणं नवं नाही, पण एरवी निघतात ती जाड, विटकरी, कसलीही नक्षी नसलेली. रेघांचं खापर मी पहिल्यांदाच हातात धरत होते.

मी शाळेत इतिहास शिकवते. पुरातत्त्व शिकवून निवृत्त झालेले माझे एक सर धारवाडला असतात. त्यांना फोन केला तर त्यांनी खापराबद्दल काही विचारायच्या आधी जागेबद्दल विचारलं. कुठल्या सर्व्हे नंबरात, बांधापासून किती अंतरावर, किती खोल तासात, आसपास आणखी काय पडलंय. मोबाईलवर जागेची नोंद घेतली, शेजारी मोजपट्टी ठेवून आहे तिथेच फोटो काढला, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी टाकून खापर घरी आणलं. सरांनी एक गोष्ट बजावून सांगितली. वर पडलेलं बघ, उचललंस तर नोंद करून उचल, पण कुदळ लावायची नाही. उत्खननाला परवाना लागतो, आणि खणताना थर एकदा विस्कटला की तो पुन्हा जुळवता येत नाही.

धुताना फक्त साधं पाणी आणि मऊ ब्रश वापरला. ब्रश मोडलेल्या कडांवर फिरवला, रेघांवर नाही. मग सावलीत वाळवलं. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत चुनखडी असते आणि ती खापरावर पांढरे पुटके धरते. लोक ते काढायला लिंबू नाहीतर ॲसिड लावतात. त्यानं पुटकं जातं, पण मातीतल्या चुन्याचे कणही विरघळतात आणि वरचा लेप सैल होतो. माझ्या खापरावर आतल्या बाजूला अशी दोन पुटकी होती, ती मी तशीच राहू दिली.

मग सरांच्या घरी बसून खापर वाचायला सुरुवात झाली. सरांची रीत ठरलेली आहे. आधी माती, मग अंग, शेवटी नक्षी. आमची नजर सारखी रेघांकडे जायची आणि ते खापर उलटं करून ठेवायचे. "नक्षी बघून काळ ठरवलास की मग माती आणि लेप तुला पाहिजे तसेच दिसायला लागतील," म्हणायचे.

माती बघायची ती मोडलेल्या कडेवर. पण जुनी कड मातीनं माखलेली आणि घासलेली असते, तिच्यात काही कळत नाही. म्हणून काठापासून लांबच्या, नक्षी नसलेल्या एका कोपऱ्याचा हरभऱ्याच्या डाळीएवढा टवका पकडीनं काढला. ताज्या कडेवर दहापट मोठं दाखवणारं भिंग धरलं तेव्हा पहिल्यांदा खापराचं आतलं रूप दिसलं. जाडी जेमतेम ५ मिलिमीटर. बाहेरचा साधारण तिसरा हिस्सा तांबडा, बाकी आतपर्यंत काळा, आणि दोन्हींच्या मधली सीमा चांगली स्पष्ट. मातीचा पोत बारीक. मोठे खडे नाहीत, फक्त अधूनमधून पांढऱ्या गारेचे आणि मंद काळे असे बारीक कण. भुसा किंवा तूस घातलं असेल तर ते भाजताना जळून जातं आणि लांबट पोकळ्या राहतात. तशी एकही पोकळी नव्हती.

यावरून काळाबद्दल किती कळलं? माझ्या अपेक्षेपेक्षा कमी. जाडीभरडी माती म्हणजे जुनी आणि बारीक माती म्हणजे अलीकडची, असं मी धरून चालले होते. सरांनी कपाटातून एकाच वस्तीच्या एकाच थरातली दोन खापरं काढून पुढे ठेवली. एक रांजणाचं, तुसाच्या पोकळ्यांनी भरलेलं. दुसरं वाडग्याचं, माझ्यासारखंच बारीक. भरड मिसळ घातलेलं भांडं चुलीवरचा ताव सोसतं आणि मोठं भांडं वाळताना तडकत नाही, म्हणून रांजणाला आणि शिजवायच्या मडक्याला प्रत्येक काळात भरड माती वापरली गेली. वाढायच्या, खायच्या भांड्याला ती लागत नाही. मातीवरून आधी भांड्याचं काम कळतं. काळ्या कणांवरून एवढं म्हणता येतं की माती बेसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखातली असावी, पण तो मुलूख बेळगावपासून वर जवळजवळ महाराष्ट्रभर पसरलाय. त्यावरून गाव काही सापडत नाही.

तरी मातीनं एक टोक बंद केलं. आतल्या अंगावर अगदी बारीक, समांतर, आडव्या रेषा होत्या, फिरत्या चाकावर बोटं टेकल्यावर उमटतात तशा. जाडीही काठापासून खालपर्यंत एकसारखी. म्हणजे भांडं वेगानं फिरणाऱ्या चाकावर घडवलेलं. दक्षिणेतल्या नवाश्मयुगातली राखाडी, घोटलेली भांडी बहुतेक हातानं घडवलेली असतात, त्यांची जाडी जागोजाग बदलते. तो काळ बाजूला पडला. पण दुसरं टोक उघडंच राहिलं, कारण खानापूरला आजही चाकावर भांडी होतात.

म्हणून खानापूरला गेले. तिथल्या मातीचा आणि कुंभारकामाचा लौकिक जुना आहे. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही तिथेच आहे. माझ्या ओळखीचे एक वयस्कर कुंभार मामा आहेत. त्यांच्या हातात खापर दिलं. त्यांनी आधी कडेवर अंगठा फिरवला, मग टवका काढलेल्या जागेला जिभेचं टोक लावलं.

"बाई, ही माती निथळून घेतलेली हाय," ते म्हणाले. "कालवून ठेवायची, जड वाळू खाली बसू द्यायची, वरचं पाणी दुसऱ्या टाकीत सोडायचं. तळाला साय बसती ती ही. मडक्याला एवढी खटपट कोण करत नाही."

काळ्या-तांबड्या दोन रंगांबद्दल मी विचारलं तेव्हा त्यांनी भांडी भाजायच्या आव्याकडे बोट केलं. आवा पेटता असताना वारं खेळतं राहिलं तर मडकं तांबडं होतं, आणि धूर कोंडला तर काळं. मातीत लोह असतं. भरपूर हवा मिळाली की त्याचा तांबडा गंज होतो. हवा तोडली की लोह काळपट पडतं आणि धुरातली काजळी मातीच्या छिद्रांत शिरून बसते. भांडं भुशाच्या किंवा राखेच्या थरावर पालथं घातलं की तोंड बंद होतं. आत धूर कोंडून काळं आणि बाहेर वारं लागून तांबडं, असे दोन्ही रंग एकाच भाजणीत येतात. काठ भुशात रुतलेला असतो म्हणून काठाच्या बाहेरही काळा पट्टा उमटतो. माझ्या खापराच्या काठाला बाहेरून तसा बोटभर काळा पट्टा होताच.

काळा रंग धुराचाच आहे, वरून दिलेला नाही, हे तपासायचा सोपा मार्ग त्यांच्याकडेच होता. टवक्याचा निम्मा भाग त्यांनी उघड्या भट्टीत, वारं लागेल असा ठेवला आणि भट्टीबरोबर निवू दिला. बाहेर काढला तेव्हा काळ्याचं नाव राहिलं नव्हतं, तुकडा आरपार तांबडा झाला होता. काजळी जळून गेली आणि लोहाला पुन्हा हवा मिळाली. दुसरा निम्मा तुकडा शेजारी ठेवून मी दोन्हींचा एकत्र फोटो काढला. हा प्रयोग सुट्या टवक्यावरच करायचा. अख्खं खापर पुन्हा तापवलं तर त्याच्या मूळ भाजणीची खूण कायमची पुसली जाते.

पण काळी-तांबडी भांडी म्हटली की काळ लगेच ठरत नाही. दक्षिणेत ही भाजणी लोहयुगाच्या आधीपासून दिसते, मोठाले दगड रचून केलेल्या महापाषाणी दफनांत ती सगळीकडे आहे, आणि पुढे सातवाहनांच्या काळातही चालू आहे. हजार वर्षांहून मोठा पट्टा झाला. नुसतं "काळी-तांबडी" लिहून महापाषाणी काळाचा शिक्का मारलेली खापरं मी नंतर हौशी संग्रहांत पाहिली. त्यांतल्या काहींचा तो काळ असेलही, पण तेवढ्या एका खुणेवर तो ठरत नाही.

पट्टा आवळला तो अंगावरच्या लेपानं. भिंगाखाली बाहेरचं अंग पाहिलं तर मातीचा तांबडा रंग वेगळा आणि त्यावरचा तांबूस-तपकिरी थर वेगळा. थर कागदाहून पातळ, आणि काठाच्या कोपऱ्यावर जिथे तो घासून गेला होता तिथे खालची फिकट माती उघडी पडलेली. म्हणजे रंग भाजणीतून आपोआप आलेला नाही, कावेसारख्या लोहयुक्त मातीचा लेप मुद्दाम दिलेला आहे. आतल्या काळ्या अंगावर लेप नव्हता, पण आडव्या घोटल्याच्या चकचकीत पट्ट्या होत्या, गुळगुळीत गोट्यानं घोटल्यावर उमटतात तशा. महापाषाणी काळी-तांबडी भांडी घोटून चकाकी आणलेली असतात, त्यांच्यावर असा वेगळा तांबूस लेप सहसा नसतो.

आणि मग त्या रेघा. सगळ्या कामाचं मर्म इथे होतं, म्हणून इथे आम्ही सगळ्यात जास्त रेंगाळलो. तांबड्या अंगावर पांढऱ्या रेघा तर आजही असतात. लग्नासाठी रंगवलेली मडकी आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. महापाषाणी आणि त्याआधीच्या काळातही पांढरी रंगवलेली काळी-तांबडी भांडी आहेत. मग फरक कशात? सरांनी प्रश्न असा घातला: रेघ लेपाच्या वर आहे, की खाली?

आधी ओल्या कापसाचा बोळा रेघेवर हलकेच टेकवून उचलला. कापूस पांढराच राहिला. खानापूरहून आणलेल्या रंगीत मडक्यावर तसाच बोळा टेकवला तर त्याला पांढरा रंग लागला, कारण तो रंग भाजून झाल्यावर वरून दिलेला असतो. यावरून माझ्या खापराची रेघ भाजणीच्या आधीची ठरली, पण वर की खाली ते अजून उरलंच होतं.

ते कळलं काठाजवळच्या एका जागी, जिथे एकच रेघ लेप शाबूत असलेल्या भागातून घासलेल्या भागात जाते. खिडकीतून तिरका उजेड येईल असं खापर धरलं. शाबूत भागात रेघ पिवळसर, जरा तांबूस झाक असलेली दिसत होती, आणि तिथला पृष्ठभाग किंचित उंचावलेला होता. लेप मात्र तिच्यावरून अखंड गेलेला. घासलेल्या भागात आल्यावर तीच रेघ एकदम दुधासारखी पांढरी झाली. तांबूस लेप तिच्या अंगावरून गेला होता म्हणून ती इतका वेळ पिवळी दिसत होती. आधी पांढऱ्या मातीनं रेघा ओढल्या, त्यावर सगळ्या अंगाला पातळ तांबूस लेप दिला, आणि मग भांडं पालथं घालून भाजलं. भिंग डोळ्याला लावून मी ती जागा किती वेळ पाहत राहिले मला सांगता येणार नाही. त्या माणसाच्या कामाचा क्रमच समोर मांडलेला होता.

पांढरं काय आहे तेही पाहिलं. टवका निघाला त्या कोपऱ्यालगत लेप उडून एका रेघेचं टोक मोकळं झालं होतं. तिथला सुईच्या अग्रावर मावेल इतका कण सरांनी काचेवर घेतला आणि त्यावर पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब सोडला. बुडबुडे आले नाहीत. चुना असता तर फसफसला असता. शेजारीच चुनखडीच्या पुटक्याचा कण ठेवला होता, तो लगेच फसफसला. म्हणजे रेघ शाडूसारख्या पांढऱ्या मातीची, आणि पुटकं जमिनीनं नंतर चढवलेलं. ही जोडी शेजारी-शेजारी तपासणं फार उपयोगाचं आहे, कारण काळ्या रानातल्या खापरावर चुनखडीच्या बारीक शिरा कधी कधी हुबेहूब रंगवल्यासारख्या दिसतात. शिरा मोडलेल्या कडेवरही चढलेल्या असतील तर ती नक्षी नव्हे, हे बिनॲसिडचंही ओळखता येतं.

नक्षी सरळ रेघांची होती. काठाखाली तिरक्या समांतर रेघांचा एक पट्टा आणि त्याला छेदून जाणारा उलट्या दिशेचा दुसरा, त्यातून जाळी झालेली. प्राणी नाहीत, फुलं नाहीत. जोर्वे पद्धतीच्या ताम्रपाषाणयुगीन भांड्यांवरही भौमितिक नक्षी असते, पण ती तांबड्यावर काळ्या रंगात. त्यामुळे तिकडे जायचं कारण नव्हतं.

काठावरून भांड्याचा आकार काढला. काठ आतल्या बाजूला किंचित वळलेला होता. काठाच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर ८० मिलिमीटर भरलं, आणि त्या सरळ रेषेपासून काठाचा फुगवटा ८ मिलिमीटर. हिशोब शाळेतल्या भूमितीचाच आहे. अंतराचा वर्ग फुगवट्याच्या आठपटीनं भागायचा आणि त्यात निम्मा फुगवटा मिळवायचा. ६४०० भागिले ६४ म्हणजे १००, अधिक ४. त्रिज्या १०४ मिलिमीटर, म्हणजे तोंडाचा व्यास साधारण २१ सेंटिमीटर. पण हा आकडा पक्का नव्हे. फुगवटा मोजताना एक मिलिमीटर इकडचा तिकडे झाला तर व्यास १९ पासून साडेतेवीसपर्यंत हलतो, कारण आपल्या हातात वर्तुळाचा जेमतेम आठवा हिस्सा आहे. म्हणून कागदावर काढलेल्या एकात एक वर्तुळांवर काठ पालथा टेकवून पुन्हा पाहिलं. खालून उजेड दिसू नये इतका तो २० आणि २२ च्या मध्ये बसला. उथळ, आत वळलेल्या काठाचं, जेवायला वापरायचं वाडगं किंवा थाळी.

आता सगळं एकत्र ठेवलं: निथळलेली माती, वेगाचं चाक, पालथी भाजणी, आतून घोटलेलं काळं अंग, बाहेर तांबूस लेप, त्याच्या खाली पांढऱ्या मातीच्या सरळ रेघा, आत वळलेला काठ. हे सगळं एकत्र येतं ते पुरातत्त्वात तांबूस लेपाची चित्रित भांडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात. पूर्वी त्याला आंध्र भांडी म्हणत. कर्नाटक, आंध्र, तेलंगण आणि महाराष्ट्राचा दक्षिण भाग इथल्या सातवाहनकालीन थरांत हा प्रकार ठळकपणे येतो. आमच्या भागाला तो काळ परका नाही. बेळगावला लागून असलेल्या वडगाव-माधवपूरला १९७० च्या दशकात डॉ. अ. सुंदर यांनी उत्खनन केलं तिथे सातवाहनकालीन नगर उजेडात आलं. वर कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित यांनी त्याच काळाची वस्ती खणली. मार्कंडेयेचा काठ या दोन ठिकाणांच्या मधल्या वाटेवरच पडतो.

सर म्हणाले, "इ.स.पूर्व पहिलं ते इ.स. तिसरं शतक लिही." मी लिहिलं, आणि विचारलं की हे आकडे मुळात आले कुठून, कारण खापरावर तर कुठे तारीख नाही. त्यांनी जी साखळी सांगितली तिची सुरुवात इटलीत होते. अरेझ्झो या गावी बनणारी लाल चकचकीत भांडी साधारण इ.स. ५० च्या सुमारास बंद पडली, हे तिकडच्या अभ्यासातून ठाऊक होतं. १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूला रोमन व्यापारातून आलेली ती भांडी खणून काढली, आणि त्यांच्या जोडीला तळावर दातेरी चक्रानं उमटवलेल्या नक्षीची राखाडी भांडी. १९४७ मध्ये व्हीलरच चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या ब्रह्मगिरीला आले. तिथे त्यांना तीच दातेरी नक्षीची भांडी मिळाली आणि त्यांच्याबरोबर एकाच थरात ही तांबूस लेपाची. जवळच्या चंद्रवल्लीला रोमन नाणंही मिळालं. असा काळ एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हस्ते-परहस्ते आला.

यातच मर्यादाही आहे. साखळीतली एक कडी सरकली की मागच्या सगळ्या सरकतात. विमला बेगली यांनी १९८० च्या दशकात अरिकामेडूची सामग्री पुन्हा तपासली आणि दातेरी नक्षीची भांडी रोमन व्यापाराच्या बरीच आधी, इ.स.पूर्व दुसऱ्या शतकापासून असावीत असं मांडलं. त्यानंतर तांबूस लेपाच्या भांड्यांची सुरुवातही मागे नेणारे अभ्यासक झाले. म्हणून वरचं टोक सैल धरायचं आणि खालचं, तिसऱ्या शतकाचं, त्या मानानं घट्ट. माझ्या नोंदवहीत मी "इ.स.पूर्व १ ले ते इ.स. ३ रे शतक, सुरुवात याआधीची असू शकते" असं लिहिलं. त्याहून बारीक तारीख या खापरातून निघत नाही. एकाच खापरावरून "गौतमीपुत्राच्या काळातलं" वगैरे सांगणारा माणूस भेटला तर त्याला साखळीतली कडी विचारावी.

प्रयोगशाळेत का देत नाही, असं मामांनी विचारलं. मातीचं भांडं भाजलं की त्यातल्या गारेच्या कणांत साठलेली ऊर्जा शून्यावर येते आणि जमिनीतल्या किरणोत्सारानं ती पुन्हा साठायला लागते. खापराचा बारीक नमुना तापवला की ती उजेडाच्या रूपानं बाहेर पडते. तिच्या मापाला वर्षाच्या सरासरी मात्रेनं भागलं की भाजणीला किती वर्षं झाली ते निघतं. पण ती सरासरी काढायला खापर ज्या मातीत पुरलेलं होतं ती माती आणि तिची ओल कळावी लागते. नांगरानं वर आलेल्या खापराची मूळ जागाच आपल्याला ठाऊक नाही. शिवाय चूक ५ ते १० टक्के धरली तर दोन हजार वर्षांवर शंभर ते दोनशे वर्षांचा फरक पडतो, म्हणजे लेप आणि रेघांनी जेवढं दिलं त्याहून फारसं जास्त मिळत नाही. खापर अस्सल की नकली असा वाद असता तर गोष्ट वेगळी होती.

मूळ जागेचा प्रश्न मात्र मला सोडवत नव्हता. खापराच्या एका कडेचा मोड ताजा आणि धारदार होता, तो नांगराचा. बाकीच्या कडा गोलसर, आतपर्यंत मळलेल्या. म्हणजे ते आधीच फुटलेलं होतं आणि बराच काळ मातीत घोळत होतं. मी मामांना विचारलं की या रानात कधी बाहेरची माती आणून टाकली होती का.

"टाकली की," ते म्हणाले. "आमच्या वडलांच्या वेळेला ओढ्यापलीकडच्या पांढरीची माती गाड्यांनी आणून पसरलेली. खत म्हणून. त्या मातीत पीक लई जोमानं यायचं बघ."

जुन्या वस्तीची राखाडी पांढर शेतात टाकायची ही पद्धत आपल्याकडे सगळीकडे होती, आणि त्या मातीबरोबर खापरं फर्लांगभर प्रवास करतात. म्हणजे खापराचा काळ ठरला तरी त्यावरून मामांच्या शेताचा काळ ठरत नाही. मग मामांनी दोरी धरली आणि आम्ही शेताचे दहा-दहा पावलांचे पट्टे पाडून चाललो. दिसलेलं प्रत्येक खापर जागेवरच पाहिलं, काठ आणि नक्षीवाली तेवढी पट्ट्याच्या नंबराच्या पिशवीत घेतली. वरच्या अंगाला, बांधाकडे, खापरं विरळ आणि सगळी भेसळ. जाड विटकरी, एक हिरवट काचेच्या झिलईचं, ते उघडच बरंच नंतरचं. नदीच्या अंगाला, उतार संपतो तिथे, खापरं दाट होती, कडा धारदार होत्या, आणि काळी-तांबडी जास्त. तांबूस लेपाची आणखी दोन सापडली, एकावर तशीच जाळी. भाजक्या विटांचे तुकडेही तिथेच. ते इतके मोडके आहेत की एकाही विटेचं माप घेता येत नाही.

हे सगळं नकाशावर टिपून ओढ्यापलीकडच्या पांढरीवर जाऊन आले. तिथे अर्धी पांढर आता उसाखाली आहे, उरलेल्या उंचवट्यावर घाणेरी माजलीय. कडेच्या चरीत राखेचा थर आणि त्यात काळी-तांबडी खापरं नुसत्या डोळ्यांना दिसतात. चरीतलं काही काढलं नाही, फोटो घेतले. माझं खापर तिथून गाडीनं आलं असेल, नाहीतर नदीच्या अंगाची ती दाट जागा स्वतंत्र लहान वस्ती असेल. दोन्ही शक्यता नोंदीत लिहिल्या आहेत. ऊस तुटल्यावर पांढरीवरही तसेच पट्टे पाडून चालायचं ठरलंय. तिथे तांबूस लेपाच्या खापरांचं प्रमाण किती आहे ते मामांच्या रानातल्या दाट जागेशी ताडून पाहता येईल. नकाशा, फोटो आणि खापरांची यादी सरांनी वाचून दुरुस्त करून दिली आहे. यादीची एक प्रत पुरातत्त्व खात्याकडे द्यायची म्हणून कन्नडमध्येही उतरवून घेतली.